मायनस एकला काय होतं

आमच्या विभागप्रमुखांना मी कधीच आवडले नाही आणि मलाही ते कधी आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल जे लिहीन त्यात मीठमिरची किती, याचा अंदाज वाचणाऱ्याने आपापला बांधावा. माझ्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात मात्र काही मिसळलेलं नाही.

मी मूळची चंद्रपूरकडच्या सावली गावची. एम.एस्सी. झाल्यावर आरमोरीकडच्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागले, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाही घेतला तर कोणीच नाही. दर वर्षी मार्चमध्ये आमची नेमणूक संपायची आणि जुलैत नवी ऑर्डर निघायची. ती निघावी अशी शिफारस विभागप्रमुखांनी लिहून द्यावी लागे. कॉलेजात गणिताला आम्ही दोघंच होतो, ते कायमचे आणि मी मार्चपर्यंतची. त्यांचं टेबल खिडकीपाशी पंख्याखाली होतं, माझं दाराशी. दार उघडलं की माझ्या कोपरावर आपटायचं. तीन वर्षांत ते टेबल चार बोटंही सरकलं नाही, कारण 'जागा नाई मॅडम'.

कामाची वाटणी सरळ होती. शिकवायचं मी आणि पेपर काढायचे त्यांनी. त्यांच्या नोट्सची झेरॉक्स फाटकाजवळच्या दुकानात मिळायची. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलेल्या नोट्स होत्या त्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं आता मुंग्यांसारखी झाली होती. पोरं मात्र हुशार. माझ्या तासाला मी सांगेन ते वहीत लिहीत आणि परीक्षेत सरांच्या नोट्समधलं लिहीत. एकाला मी विचारलं, अरे, मी शिकवलं ते कुठं गेलं? तो म्हणाला, ''मॅडम, तुमचं समजासाठी हाय, सरचं मार्कासाठी.'' त्यात त्याला काही वाईट वाटत नव्हतं. मलाच वाटलं, आणि पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला अडतीस पोरं होती. त्यात एक मुलगी हेमलकसाच्याही पुढून आलेली. ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची. गोड, लाजरी वगैरे अजिबात नव्हती. शिष्य म्हणून कौतुक करावं असं तिच्यात काही सहज सापडायचं नाही. वर्गात आली की कोणाकडे बघायची नाही, 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणायची नाही आणि चुकीचं बोललेलं तिच्या कपाळावर लगेच दिसायचं. मी फळ्यावर वजाचं चिन्ह विसरले तर ती बोलायची नाही, फक्त पेन खाली ठेवायची. मला तिचा राग यायचा. तिचं पेन खाली गेलं की मी फळ्याकडे वळून चूक शोधायची, आणि ती असायचीच.

आलेख काढण्याचा धडा मी मन लावून शिकवला होता. पहिलं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा चढ-उतार सांगणारं, धन असेल तिथं आलेख चढतो, ऋण असेल तिथं उतरतो. ते शून्य होतं तिथं थांबायचं आणि दोन्ही बाजूंना बघायचं. आधी चढ, मग उतार असेल तर तो मॅक्सिमम. आधी उतार, मग चढ असेल तर मिनिमम. दोन्हीकडे चढच किंवा दोन्हीकडे उतारच असेल तर यांतलं काहीच नाही. त्याच ठिकाणी दुसरं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा बाक सांगणारं, ऋण आलं तर दोन्ही बाजू न बघताच मॅक्सिमम म्हणता येतं आणि धन आलं तर मिनिमम. पण तेही शून्य आलं तर ही दुसरी चाचणी मुकी होते. ती 'नाही' म्हणत नाही आणि 'हो'ही म्हणत नाही. मग गुपचूप पहिल्या चाचणीकडे परत जायचं.

राहिला इन्फ्लेक्शनचा बिंदू, म्हणजे वक्राचा बाक जिथं पालटतो तो. तो समजावायला मी एस.टी. घेतली. म्हटलं, आलेख हा वरून पाहिलेला रस्ता समजा. आलापल्लीहून भामरागडला जाताना ड्रायव्हर डावीकडे वळवतो, मग उजवीकडे. मध्ये एक क्षण स्टेरिंग अगदी सरळ असतं. तिथं दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि तोच इन्फ्लेक्शनचा बिंदू.

तिचं पेन खाली गेलं. मी वैतागून म्हटलं, ''काय झालं आता?''

''मॅडम, ड्रायव्हरनं स्टेरिंग सरळ केलं आन् परत त्याच बाजूले वळवलं, तर?''

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण माझ्या उदाहरणात जे राहून गेलं होतं ते तिनं एका वाक्यात पकडलं होतं. स्टेरिंग नुसतं सरळ होणं पुरत नाही, बाजू पालटायला हवी. दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य येणं पुरत नाही, त्याचं चिन्ह बदलायला हवं. मी म्हटलं, ''तर इन्फ्लेक्शन नाही. बरोबर आहे तुझं.'' तिनं पेन उचललं आणि लिहायला लागली. तीन वर्षांत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

मग अंतर्गत परीक्षा झाली. वीस गुणांचा पेपर, आठ मिळाले तर पास. त्यात दहा गुणांचा एकच प्रश्न होता. f(x) = 3x⁵ − 5x⁴ याचा आलेख काढा; मॅक्सिमा, मिनिमा आणि इन्फ्लेक्शनचे बिंदू दाखवा.

मी पेपर तपासायला बसले तर सदतीस पोरांचं उत्तर तंतोतंत एक. शून्यापाशी इन्फ्लेक्शन, एकपाशी इन्फ्लेक्शन, चार-तृतीयांशापाशी मिनिमम आणि मॅक्सिमम नाही. आकृतीही तीच. डावीकडे वरून उतरत येणारी रेघ मूळबिंदूपाशी जरा आडवी होते, मग खाली जाते आणि पुढे वर निघते. सुबक काढली होती सगळ्यांनी. आणि साफ चूक होती.

चूक कशी ते एका मिनिटात दिसतं. पहिलं डेरिव्हेटिव्ह येतं 5x³(3x − 4). शून्याच्या डावीकडे ते धन, म्हणजे चढ. उजवीकडे चार-तृतीयांशापर्यंत ऋण, म्हणजे उतार. आधी चढ, मग उतार. शून्यापाशी मॅक्सिमम आहे, आणि तोही डोळे मिटून सांगावा असा. दुसरं डेरिव्हेटिव्ह 60x²(x − 1). शून्यापाशी ते शून्य होतं खरं, पण दोन्ही बाजूंना ऋणच राहतं, चिन्ह पालटत नाही. इन्फ्लेक्शन फक्त एकपाशी. एवढंही नको असेल तर x च्या जागी मायनस एक घालून बघा. उत्तर येतं मायनस आठ. म्हणजे शून्याच्या डावीकडे आलेख खाली आहे, आणि सदतीस जणांनी तो वर काढला होता.

एकीनं खाली काढला होता. चिन्हांचा तक्ता आखून, शून्यापाशी 'दुसरी चाचणी चालत नाही, म्हणून पहिली' असं लिहून, मायनस एकपाशी मायनस आठचा ठिपका देऊन. मी तिला दहापैकी दहा दिले. बाकीच्यांना डेरिव्हेटिव्हचे आणि मिनिममचे मिळून चार. गठ्ठा सहीसाठी सरांच्या टेबलावर ठेवला आणि खरं सांगते, मनातून खूश होते. सदतीस जणांना सरांच्या नोट्स बाधल्या, हे एकदा कागदावर यावं असं मला वाटत होतं. माझा हेतू काही फार पवित्र नव्हता.

दोन दिवसांनी गठ्ठा परत आला. सदतीस जणांच्या चारावर काट मारून दहा केले होते. तिच्या दहावर काट मारून शून्य. डेरिव्हेटिव्ह काढल्याचे गुणसुद्धा नव्हते. उरलेल्या दहातले तिला सात मिळाले होते. एकूण सात. एका गुणानं नापास.

मी तशीच खिडकीपाशी गेले.

''सर, हे शून्य कसं काय?''

''उत्तर चूक हाय म्हणून.''

''उत्तर तिचं एकटीचं बरोबर आहे. मायनस एक घालून बघा तुम्ही.''

''मॅडम,'' ते म्हणाले, ''पेपर मी काढला. उत्तर मी काढलं. आता तुमी मले शिकवून राह्यल्या काय?''

मी त्यांच्याच नोट्सची झेरॉक्स घेऊन गेले होते. पान उघडून समोर ठेवलं. तिथं प्रश्न होता 3x⁴ − 4x³. त्याला शून्यापाशी खरंच इन्फ्लेक्शन आहे, मॅक्सिमम खरंच नाही आणि डावीकडून आलेख खरंच वरून उतरतो. सरांनी नवा पेपर काढताना जुन्या गणिताचा घात एकेकाने वाढवला होता, आकडे जरासे बदलले होते. मिनिमम कुठं येतो आणि दुसरं डेरिव्हेटिव्ह कुठं शून्य होतं, तेवढं नव्यानं काढलं होतं. आकृती जुनीच ठेवली होती. आमच्या धंद्यात असं सगळेच करतात. मीही करते. पण केल्यावर एक किंमत घालून बघते.

त्यांनी पान बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं हे मला कळलं, कारण त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी झेरॉक्स बंद करून माझ्याकडे सरकवली.

''अडतीस पेपर झाले. प्राचार्याच्या टेबलवर मार्कलिस्ट गेली. आता काय दवंडी पिटू का गावात?''

''दवंडी नको. तिचे गुण तेवढे द्या.''

''तिले दिले म्हणजे बाकीच्याले काऊन दिले, हे विचारनच ना कोनी. आन् ती पोरगी लय शहाणी हाय. मांगं मले व्हरांड्यात थांबवून म्हणते, सर, तुमच्या नोट्समंदी एक गलती हाय. मले म्हणते!'' मग आवाज उतरवून म्हणाले, ''तुमची ऑर्डर जुलैची ना मॅडम?''

एवढंच बोलले. पुढं काही बोलायची गरज नव्हती आणि तेही त्यांना ठाऊक होतं. मी दाराशी माझ्या खुर्चीत येऊन बसले. झेरॉक्स खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. भीतीनं नाही, संतापानं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

वसतिगृहाचा नियम असा की एकाही विषयात नापास असाल तर पुढच्या वर्षी जागा नाही. वसतिगृह नाही तर तिला कॉलेजही नाही, कारण तिच्या गावाहून रोज येणं-जाणं हा विषयच नव्हता. सरांनाही हे माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि मोठ्या मनाच्या माणसासारखे म्हणाले, ''मी काही राक्षस नाई. रीटेस्ट घ्या तिची. हाच प्रश्न द्या. माझ्या उत्तरापरमानं लिहिलं तं पास. तुमी समजावा तिले, तुमचं ऐकते ती.''

आणि मी समजावलं. इथं माझ्याजवळ दुसऱ्या कोणाला शिव्या द्यायला जागा नाही. मी तिला विभागात बोलावलं, सर जेवायला गेले होते. तिला म्हटलं, हे बघ, दहा मिनिटांचं काम आहे, त्यांना हवं ते लिहून दे आणि मोकळी हो. जागा वाचव. बरोबर काय ते तुला माहीत आहे ना, बास झालं.

ती ऐकत होती. म्हणाली, ''माझं चूक हाय काय, मॅडम?''

''तो प्रश्न नाही आता.''

''तोच तं विचारून राह्यले.''

मी म्हटलं, ''लिही.''

ती माझ्याच टेबलाशी बसली. शब्द लिहायला तिला वेळ लागला नाही. शून्यापाशी इन्फ्लेक्शन, एकपाशी इन्फ्लेक्शन, मॅक्सिमम नाही. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आणि बेढब होतं, कागदावर राग काढल्यासारखं. मग आलेखाचा कागद घेतला, अक्ष आखले आणि सवयीनं ठिपके द्यायला लागली. एकला मायनस दोन. चार-तृतीयांशाला मायनस तीनच्या जरा खाली. दोनला सोळा, तो कागदाबाहेर जात होता म्हणून बाण. शून्याला शून्य. मायनस एकला मायनस आठ.

आणि थांबली. पेन्सिल मूळबिंदूवर टेकवलेली. डावीकडे ठिपका खाली, उजवीकडे ठिपका खाली आणि मधला वर. यांना जोडायचं, पण मॅक्सिमम होऊ द्यायचा नाही.

पाच मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते, सर येतील म्हणून.

''मॅडम, हे काढता येत नाई.''

''नोट्समधल्यासारखं काढ ना.''

''ते काढलं तं हा ठिपका कुठी जाईन?'' तिनं मायनस आठवर बोट ठेवलं. मग कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन्सिल पुढे केली. ''तुमी काढून दाखवा.''

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मला टोमणा चालला असता. एखादी मुलगी अडलेलं गणित मास्तरणीला विचारते, तसंच विचारलं तिनं. तिला खरोखर वाटत होतं की मला काही तरी येत असेल जे तिला येत नाही.

मी खोडरबर घेतलं. मायनस एकचा ठिपका खोडला, नीट, मागे काळं राहू नये असा. मग डावीकडे वरून रेघ ओढत आणली, मूळबिंदूपाशी जरा आडवी केली, खाली नेली आणि वर काढली. हात सराईत आहे माझा. आकृती सुंदर आली. म्हटलं, ''असं. याच्यावरून गिरव.''

तिनं गिरवलं. खाली सही केली. खुर्ची मागे सारली आणि दार उघडून गेली. दार माझ्या कोपरावर आपटलं.

तिला सतरा गुण मिळाले. सरांनी स्वतः दिले, वर 'गुड' असंही लिहिलं. वसतिगृहातली जागा राहिली. पुढे जुलैत माझी ऑर्डरही निघाली. सरांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, ''पाहा, कोनाचंच नुकसान झालं नाई.'' मी तो चहा प्यायले.

त्या रीटेस्टनंतरही ती तासाला नियमित यायची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या सत्रात मी एकदा मुद्दाम वजाचं चिन्ह चुकवलं, तिचं पेन खाली जातं का बघायला. पेन गेलं नाही. तिनं चुकीचं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मी फळा पुसून बरोबर लिहिलं, तर तिनं तेही उतरवून घेतलं. दोन्ही सारख्याच अक्षरात.

दुसऱ्या वर्षाला मुख्य विषय निवडायचा असतो. अर्ज गणिताच्या विभागातून पुढे जायचे म्हणून सह्या माझ्याकडे होत्या. तिचा अर्ज आला, त्यात मुख्य विषय वनस्पतिशास्त्र. अडतीस पोरांत गणित घेण्याच्या लायकीची ती एकटी होती, आणि हे तिला, मला आणि खिडकीपाशी बसलेल्यांनाही ठाऊक होतं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी आवाज लहान करून विचारलं, ''गणित का नाही घेतलंस?''

ती टेबलाच्या पलीकडे उभी होती. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

''मॅडम, त्या दिवशीचा बरोबर आलेख तुमाले येत होता ना?''

मी म्हटलं, ''हो.''

''मले वाटलं, तुमालेच येत नसन,'' ती म्हणाली. ''तसं असतं तं मी गणितच घेतलं असतं.''

तिनं अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी सही केली.